ऊर्ध्वपातनाची आकृती : तीन लाल गोल आणि तीन 'का?'



मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझं डी.एड. झालं आहे आणि बारावीपर्यंत सायन्स होतं, एवढीच माझी रसायनशास्त्राशी ओळख. तरीही आज प्रयोगशाळेतल्या एका आकृतीवर लिहिते आहे. त्याला कारण झाली माझ्याकडे चौथीला असलेली एक मुलगी. आता ती पोलादपूरहून रोज एसटीने महाडला कॉलेजला जाते, एफ.वाय.बी.एस्सी.ला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती जर्नल घेऊन घरी आली. ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे डिस्टिलेशनच्या आकृतीवर सरांनी लाल पेनने तीन गोल केले होते आणि प्रत्येक गोलाशेजारी एकच शब्द लिहिला होता, 'का?'

"बाई, मॅन्युअलमधली आकृती बघूनच काढली हो. पाठ पण केली होती. तरी तीन चुका निघाल्या."

पहिला गोल संघनकाच्या, म्हणजे कंडेन्सरच्या पाण्यावर होता. तिने पाणी वरून आत आणि खालून बाहेर दाखवलं होतं. दुसरा गोल तापमापीवर होता, कारण तिचा फुगा थेट चंबूतल्या द्रवात बुडला होता. तिसरा गोल चंबूच्या तळाशी होता. तिथे बॉइलिंग चिप्स काढायच्याच राहिल्या होत्या.

बाण उलटा झाला, फुगा खाली गेला आणि चार ठिपके राहिले, एवढंच. पण ही मांडणी खरोखर जोडली, तर यातल्या प्रत्येक चुकीचा परिणाम डोळ्यांना दिसतो. तो तिला दाखवावा म्हणून ओळखीच्या एका हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांना विनंती केली आणि एका शनिवारी दुपारी त्यांच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघं बसलो. त्या दुपारचीच ही नोंद आहे. आठवी-नववीला शिकवणाऱ्यांना आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्यांना ती उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी मांडणी समजून घेऊ

आम्ही मिठाचं पाणी घेतलं. १०० मिलि पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवलं आणि ते २५० मिलिच्या ऊर्ध्वपातन चंबूत ओतलं. चंबू निम्म्यापेक्षा कमी भरला पाहिजे. जास्त भरला तर उकळताना उडालेले थेंब बाजूच्या नळीत जातात.

या चंबूच्या मानेला एक बाजूची नळी असते. वाफ तिच्यातून संघनकात जाते. संघनक म्हणजे एकात एक अशा काचेच्या दोन नळ्या. आतल्या नळीतून वाफ जाते आणि बाहेरच्या नळीतून थंड पाणी फिरतं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, मध्ये काच असते. संघनक तिरका बसवतात, चंबूकडचं टोक वर आणि शंकुपात्राकडचं टोक खाली. वाफ थंड होऊन पाणी झालं की ते उतारावरून शंकुपात्रात टपकतं. मीठ चंबूतच राहतं.

या संघनकाला लिबिगचं नाव असलं, तरी पाणी उलट दिशेने फिरवण्याची युक्ती त्याच्या आधीची आहे. १७७१ मध्ये वायगेल या जर्मन रसायनज्ञाने तिचं वर्णन केलं होतं. लिबिगमुळे ती घरोघरच्या, म्हणजे प्रयोगशाळा-प्रयोगशाळांच्या वापरात आली.

पहिला 'का?' : पाणी खालून आत का सोडायचं?

संघनकाच्या बाहेरच्या नळीला दोन तोट्या असतात. शंकुपात्राजवळची खालची आणि चंबूजवळची वरची. नळाचं पाणी खालच्या तोटीतून आत जायला हवं आणि वरच्या तोटीतून बाहेर पडायला हवं.

मुलीचं म्हणणं साधं होतं. "पाणी वरून खालीच वाहतं ना, बाई? मग वरून सोडलं तर बिघडलं कुठे?"

हे आम्ही बर्नर न पेटवता करून पाहिलं. गरम काचेवर हा खेळ करायचा नाही. आधी वरच्या तोटीला नळ जोडला आणि पाणी बारीक सोडलं. पाणी आत आलं, नळीच्या तळाने घरंगळत खाली गेलं आणि खालच्या तोटीतून निघून गेलं. आतली नळी वरच्या अंगाला कोरडीच राहिली, तिच्याभोवती नुसती हवा होती. मग जोडणी बदलून पाणी खालून सोडलं. आता पाण्याला बाहेर पडायला वाटच वर होती. त्यामुळे ते हळूहळू चढत गेलं, हवा वरच्या तोटीतून बुडबुड करत बाहेर ढकलली गेली आणि जागा पूर्ण भरल्यावरच पाणी बाहेर पडायला लागलं. आतली नळी सगळीकडून पाण्यात होती.

खरं मुख्य कारण हेच आहे. अर्धवट भरलेल्या संघनकात थंड काच कमी मिळते, म्हणून काही वाफ पाणी न होताच शंकुपात्रापर्यंत येते आणि तोंडातून वाफ निघताना दिसते. शिवाय आतल्या नळीचा एक भाग खूप गरम आणि शेजारचा थंड असं झालं, तर काच तडकण्याची भीती असते.

दुसरंही कारण पुस्तकात दिलेलं असतं. खालून येणारं पाणी सगळ्यात थंड असतं. ते आधी भेटतं ते बाहेर पडायच्या बेतात असलेल्या द्रवाला. तिथे उरलीसुरली वाफ पकडली जाते आणि तयार झालेलं पाणीही थंड होऊन टपकतं. वर चढता चढता पाणी कोमट होतं, पण वर भेटणारी वाफ १०० अंशांची असते, तिच्यापुढे कोमट पाणीही थंडच. हे कारण बरोबर आहे. मात्र साध्या पाण्याच्या प्रयोगात पाणी भरपूर असेल तर त्याने फारसा फरक पडत नाही. संघनक भरलेला असणं हे जास्त महत्त्वाचं. मुलांनी उत्तरात दोन्ही लिहावं, पण पहिलं आधी लिहावं.

घरी दाखवायचं असेल तर एक लिटरची प्लास्टिकची बाटली पुरे. झाकण घट्ट लावायचं, बुडाजवळ एक आणि मानेजवळ एक भोक पाडून दोन्हींत सलाईनची नळी बसवायची आणि बाटली तिरकी धरायची. एकदा खालून पाणी सोडायचं, एकदा वरून. चौथीचं पोरसुद्धा बाण कुठे काढायचा ते सांगेल.

पाणी किती लागतं?

हा प्रश्न त्या मुलीने नाही, मी विचारला. आमच्याकडे पावसात पाण्याला तोटा नसतो, पण एप्रिल-मे महिन्यात पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. तिथल्या शाळेत नळ तासभर वाहता ठेवायचा हे मनाला पटत नाही.

हिशोब सोपा आहे. १ ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. आम्हाला ४० मिलि पाणी गोळा करायचं होतं, म्हणजे ४० × ५४० = २१,६०० कॅलरी. ते गरम पाणी आणखी थंड व्हायला साधारण २,४०० कॅलरी धरा. एकूण झाल्या २४,००० कॅलरी. १ लिटर पाणी १ अंशाने तापायला १,००० कॅलरी लागतात. म्हणजे १५ लिटरच्या बादलीतलं पाणी ही सगळी उष्णता घेऊन जेमतेम दीड-पावणेदोन अंशांनी तापेल.

मग नळ कशाला हवा? एक भरलेली बादली कपाटावर ठेवायची, संघनकाच्या वरच्या तोटीपेक्षा उंच. तिच्यातून नळीने पाणी खालच्या तोटीला द्यायचं. वरच्या तोटीची नळी जमिनीवरच्या दुसऱ्या बादलीत सोडायची. वरची रिकामी होत आली की खालचं पाणी परत वर ओतायचं. एकाच बादलीच्या पाण्यात अख्खा प्रयोग होतो आणि शेवटी ते पाणी झाडांना घालता येतं.

हा हिशोब आम्ही आधी केला असता तर पुढची फजिती टळली असती. ती कोणती, ते तिसऱ्या गोलापाशी सांगते.

दुसरा 'का?' : तापमापीचा फुगा बाजूच्या नळीसमोर का?

मुलीने फुगा द्रवात बुडवला होता, कारण "तापतंय ते पाणीच ना?" तिचं चुकलं नाही. तापतंय ते पाणीच. पण आपल्याला कोणाचं तापमान हवं आहे? जी वाफ बाजूच्या नळीत वळून संघनकात जाणार आहे, तिचं. कारण शंकुपात्रात जमा होणार ती तीच.

हे दाखवायला सरांनी छान युक्ती केली. त्यांनी दोन भोकांचं रबरी बूच घेतलं आणि दोन तापमाप्या बसवल्या. एकीचा फुगा मिठाच्या पाण्यात, दुसरीचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडासमोर. फुग्याचं वरचं टोक बाजूच्या नळीच्या खालच्या काठाच्या रेषेत आलं पाहिजे, म्हणजे नळीत वळण्याआधी वाफेला फुग्याला वेढूनच जावं लागतं.

बर्नर पेटवल्यावर खालची तापमापी सरळ चढत गेली. वरची मात्र बराच वेळ तिशीतच होती. पाणी उकळायला लागलं तरी ती हलेना. "बिघडली वाटतं," मुलगी म्हणाली. तेवढ्यात चंबूच्या मानेवर ओलसर कडं वर सरकताना दिसलं. ती वाफ होती. ती काच तापवत वर येत होती. ते कडं फुग्यापाशी पोचलं आणि वरची तापमापी पाहता पाहता ९९-१०० वर गेली. लगेच संघनकाच्या टोकाला पहिला थेंब दिसला.

त्या वेळी खालच्या तापमापीत १०४ च्या जवळ आकडा होता. ४० मिलि पाणी गोळा होईपर्यंत तो १०७ च्या आसपास पोचला. वरची तापमापी शेवटपर्यंत १०० लाच थांबून राहिली.

याचा अर्थ लावू. मिठामुळे पाण्याचा उत्कलनांक वाढतो. पाणी निघून जातं तसं उरलेलं द्रावण जास्त खारट होतं, म्हणून खालचा आकडा वाढत जातो. पण वर येते ती निव्वळ पाण्याची वाफ. ती फुग्यावर आल्यावर थोडी थंड होऊन फुगा ओला होतो. नीट पाहिलं तर फुग्याच्या टोकाला थेंब लोंबताना दिसतो. त्या शुद्ध पाण्याच्या ओल्या थराचं आणि वाफेचं जे तापमान, ते वरची तापमापी दाखवते, आणि ते १०० आहे. फुग्यावर थेंब दिसणं ही जागा बरोबर असल्याची खूण समजा.

म्हणजे फुगा द्रवात असता तर तिने वहीत लिहिलं असतं, 'पाण्याचा उत्कलनांक १०४ ते १०७.' आणि फुगा फार वर, बुचाजवळ असता तर? वाफ तिथपर्यंत न जाता आधीच नळीत वळते. तापमापी अर्धवट गरम होऊन ८०-८५ असा कमी आकडा दाखवते, आणि खाली थेंब मात्र पडत असतात. थेंब पडत आहेत पण आकडा कमी आहे, असं दिसलं की पहिला संशय फुग्याच्या जागेवर घ्यावा.

मिठाच्या पाण्यात या चुकीने फक्त वहीतला आकडा चुकतो. ॲसिटोन आणि पाण्याचं मिश्रण असेल तर जमा झालेला द्रवच चुकतो. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. तापमापी साठीच्या पुढे सरकायला लागली की शंकुपात्र बदलायचं असतं. फुगा फार वर असला तर तापमापी मागे राहते, आपण पात्र उशिरा बदलतो आणि ॲसिटोनमध्ये पाणी जातं. (ॲसिटोन पेट घेतं. ते उघड्या ज्योतीवर कधीच तापवायचं नाही. गरम पाण्याच्या भांड्यात चंबू ठेवून आणि शिक्षक शेजारी असतानाच करायचं.)

संध्याकाळी मुलीने हे वडिलांना सांगितलं. ते महाडच्या एमआयडीसीत प्लान्टवर ऑपरेटर आहेत. ते हसून म्हणाले, "अगं, आमच्या कॉलमला पण वर एक आणि खाली एक असतं. टॉप टेंपरेचर बघून माल घ्यायचा आणि बॉटम टेंपरेचर बघून खाली काय उरलंय ते ओळखायचं." सरांनी दोन भोकांच्या बुचात दाखवलं ते हेच.

आणखी एक गोष्ट. आम्हाला १०० मिळाले कारण महाड आणि पोलादपूर समुद्रसपाटीपासून फार उंच नाहीत. हीच मांडणी घेऊन आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलो, तर तिथे वरची तापमापी ९५-९६ लाच थांबेल. तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. तिथे तापमापी बिघडली असं समजायचं नाही.

तिसरा 'का?' : बॉइलिंग चिप्स कशाला?

आता फजिती. आम्ही सुरुवातीला चंबूत पांढऱ्या, चकाकी नसलेल्या चिनीमातीचे तीन बारीक तुकडे टाकले होते. उकळी अगदी शांत होती. त्या तुकड्यांवरून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या. २० मिलि पाणी जमा झालं आणि नळाचं पाणी गेलं. शाळेची टाकी रिकामी! सरांनी लगेच बर्नर बंद केला. ते बरोबरच होतं, कारण संघनकात पाणी नसताना वाफ चालू ठेवायची नसते. शिपाईकाकांनी पंप लावला, अर्धा-पाऊण तास गेला, चहा झाला. मग नवीन शंकुपात्र लावून पुन्हा बर्नर पेटवला.

या वेळी चंबू गप्प होता. खालची तापमापी १०५ च्या पुढे गेली तरी बुडबुडा नाही. आणि एकदम 'धप्प' आवाज झाला, चंबू स्टँडवर हलला, पाणी उसळून मानेपर्यंत गेलं. पुन्हा शांत. पुन्हा 'धप्प'. सरांनी ज्योत बारीक केली, तरी धक्के चालूच. कसेबसे आणखी २० मिलि गोळा केले आणि थांबलो.

मग दोन स्टीलचे चमचे घेतले. एकावर पहिल्या शंकुपात्रातले चार थेंब, दुसऱ्यावर दुसऱ्यातले चार थेंब. दोन्ही मंद आचेवर सुकवले. पहिला चमचा स्वच्छ. दुसऱ्यावर पांढरं कडं उमटलं. मीठ! वाफेबरोबर मीठ येत नाही. ते आलं होतं उसळलेल्या थेंबांबरोबर, बाजूच्या नळीतून. (प्रयोगशाळेतलं काहीही चाखून बघायचं नाही, म्हणून चमचा सुकवायचा.)

असं का झालं? द्रवात बुडबुडा निर्माण व्हायला सुरुवातीची जागा लागते. नवीन गुळगुळीत काचेत तशी जागा फारशी नसते. मग पाणी उत्कलनांकाच्याही वर तापत राहतं, पण उकळत नाही. उष्णता साठत जाते. कुठेतरी एक बुडबुडा झाला की सगळी साठलेली उष्णता एकदम वाफ करून टाकते. तोच तो 'धप्प'.

चिप्सच्या बारीक छिद्रांत हवा अडकलेली असते. तापल्यावर ती हवा फुगते, तिथे वाफ शिरते आणि बुडबुडा सुटतो. छिद्रात थोडी वाफ उरते, तिच्यापासून पुढचा बुडबुडा होतो. असं एकामागून एक चालू राहतं, म्हणून उष्णता साठत नाही. चिप्स विरघळत नाहीत, उत्कलनांकही बदलत नाहीत. त्या फक्त बुडबुड्याला सुरुवातीची जागा देतात.

आमची चूक कुठे झाली ते आता कळेल. बर्नर बंद केल्यावर चंबू थंड झाला, छिद्रांतली वाफ आटून पाणी झाली आणि छिद्रांत मिठाचं पाणी शिरलं. हवा संपली. तुकडे चंबूत दिसत होते, पण त्यांचं काम संपलेलं होतं. थांबून पुन्हा सुरू करायचं असेल तर दर वेळी नवे तुकडे टाकावे लागतात. हे सरांना माहीत होतं. ते नंतर कपाळावर हात मारून म्हणाले, "चहाच्या गडबडीत विसरलो."

मग धक्के बसायला लागल्यावर तेव्हाच तुकडे का नाही टाकले? कारण ते सगळ्यात धोक्याचं. जास्त तापलेल्या द्रवात तुकडा पडला की हजारो बुडबुडे एकदम सुटतात आणि उकळतं पाणी तोंडावर येऊ शकतं. तुकडे थंड द्रवातच टाकायचे. विसरलो असू तर बर्नर बंद करायचा, उकळी पूर्ण थांबून द्रव चांगला निवू द्यायचा, मगच बूच काढून टाकायचे.

तुकडे किती? दोन ते चार पुरतात, मुगाच्या दाण्याएवढे. विकतचे नसतील तर साध्या पाण्याच्या प्रयोगाला फुटक्या मडक्याची किंवा जुन्या कौलाची खापरी धुऊन, वाळवून, बारीक फोडून चालते. चकाकी असलेला कपाचा तुकडा चालत नाही, त्याला छिद्रंच नसतात.

पालक इथे हमखास विचारतात, "दूध ऊतू जातं, तसंच ना हे?" नाही. दुधावर साय धरते, खाली वाफेचा फेस अडकतो आणि तो साय उचलत वर येतो. तिथे बुडबुडे भरपूर असतात. इथे बुडबुडेच होत नाहीत, ही अडचण आहे.

वही तपासताना

सोमवारी मुलीने आकृती नव्याने काढली. या वेळी मॅन्युअल बंद होतं. आधी चंबू काढला, तळाशी तीन तुकडे. मग बूच, आणि फुग्यापासून बाजूच्या नळीच्या खालच्या काठापर्यंत पट्टी लावून पाहिली. शेवटी संघनक, आणि खालच्या तोटीपाशी लिहिलं 'पाणी आत'.

आपण वही तपासताना बाण उलटा दिसला तर चूक म्हणून सोडून देऊ नये. मुलाला विचारावं, "असं जोडलं तर संघनकात काय दिसेल?" फुगा खाली असेल तर, "मग तापमापी किती दाखवेल?" तुकडे नसतील तर, "चमच्यावर काय उरेल?" या तीन प्रश्नांना 'वरचा भाग कोरडा राहील', 'शंभरापेक्षा जास्त' आणि 'पांढरं कडं' अशी उत्तरं आली, की आकृती समजली असं धरायला हरकत नाही.

तिच्या जर्नलमध्ये ते तीन लाल गोल अजून आहेत. तिने ते खोडले नाहीत. प्रत्येक 'का?'च्या खाली पेन्सिलने एकेक ओळ लिहिली आहे, आणि तिसऱ्या ओळीखाली सेलोटेपने कौलाच्या खापरीचा एक बारीक तुकडा चिकटवला आहे.